चेहरा शार्प, भिंत शांत: रिझॉल्व्हमध्ये मास्क वापरून शार्पनिंग कसं करायचं

मुलाखतीचा शॉट जरासा मऊ वाटतो म्हणून शार्पनिंग वाढवावं, तर डोळे, भुवया, मिशा छान उठून येतात आणि त्याच वेळी मागच्या भिंतीवर मुंग्या चालायला लागतात. शॉट थांबवून पाहिला तर काहीच खटकत नाही. प्ले केला की भिंत वळवळते, आणि बघणाऱ्याचं लक्ष बोलणाऱ्या माणसावरून हटून त्या वळवळीकडे जातं. यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे माणसाभोवती मास्क काढून फक्त आतला भाग शार्प करणं. तो बरोबर आहे, पण अर्धाच. मास्क नेमका कुठे संपतो आणि मास्कच्या आतल्या सपाट भागांचं काय करायचं, हे ठरवलं नाही तर मुंग्या भिंतीवरून उठून गालावर येतात.

या लेखात दा विंची रिझॉल्व्हच्या Color पेजवर हे काम कसं करायचं ते पाहू. इथे लागणारी मुख्य साधनं मोफत आवृत्तीतही आहेत. फक्त Studio आवृत्तीत मिळणाऱ्या गोष्टी आल्या की तसं सांगेन.

मुंग्या येतात कुठून

शार्पनिंग करताना सॉफ्टवेअर चित्राची एक धूसर प्रत बनवतं आणि ती मूळ चित्रातून वजा करतं. उरतात ते फक्त बारीक फरक: केसांच्या कडा, पापण्या, कापडाचा पोत. हे फरक मोठे करून ते पुन्हा मूळ चित्रात मिसळतं. अडचण अशी की नॉइजचा ठिपकाही शेजारच्या पिक्सेलपेक्षा वेगळाच असतो. हा केस आणि हा नॉइज, असा भेद सॉफ्टवेअरला करता येत नाही, ते दोन्ही वाढवतं.

दाढीत किंवा कापडाच्या विणीत तो वाढलेला नॉइज लपून जातो, कारण तिथे आधीच भरपूर तपशील असतो. रंगवलेल्या भिंतीवर त्याला लपायला जागा नसते. शिवाय प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे ठिपके नव्या जागी पडतात. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर सेकंदाला 25 वेळा ठिपक्यांची मांडणी बदलते आणि डोळ्याला ती हालचाल वाटते.

कॅमेऱ्याचं कॉम्प्रेशन यात भर घालतं. H.264 मध्ये काळोख्या, सपाट भागाला कमी डेटा मिळतो, त्यामुळे तिथला नॉइज बारीक न राहता ठिगळांसारखा होतो. ठरावीक फ्रेमनंतर नवी पूर्ण फ्रेम येते तेव्हा ही ठिगळंही बदलतात. शार्पनिंगमुळे त्यांच्या कडा स्पष्ट झाल्या की भिंत नुसती वळवळत नाही, मधूनमधून धडधडतेही.

उदाहरणाचा शॉट

समजा, येवल्यात हातमागावर बसलेल्या पैठणी विणकरांची मुलाखत आहे. डावीकडच्या खिडकीतून उजेड येतोय, वर ट्यूबलाइट आहे, मागे आकाशी रंग दिलेली भिंत आहे आणि ती खोलीच्या कोपऱ्याकडे काळोखात जाते. 25 फ्रेम, शटर 1/50, आणि उजेड कमी म्हणून ISO 3200. फुटेज 8 बिट H.264, फुटेज आणि टाइमलाइन दोन्ही 1920×1080. चेहरा फोकसमध्ये आहे, पण लेन्स पूर्ण उघडी असल्यामुळे जरा मऊ. फ्रेमच्या खालच्या भागात मागावर ताणलेला काठ दिसतो, त्यात जरीचं विणकाम आहे.

शार्पनिंगसाठी हा चांगला उमेदवार आहे, कारण तपशील फुटेजमध्ये आहे, फक्त दबलेला आहे. चेहरा फोकसबाहेर गेला असेल किंवा हात हलल्यामुळे पुसट झाला असेल तर शार्पनिंगने तो परत येत नाही, फक्त कडा जाड होतात. मोबाइलच्या फुटेजमध्ये तर बहुतेक वेळा फोननेच नॉइज पुसून वर शार्पनिंग केलेलं असतं. त्यावर आणखी थर चढवू नका. डोक्याच्या किंवा खांद्याच्या कडेला आधीच पांढरट रेघ दिसत असेल तर ते फोनचं काम आहे असं समजा.

आधी ग्रेड पूर्ण करा, मग तपासणीची सोय करा

शार्पनिंग शेवटाकडे करा. कॉन्ट्रास्ट वाढवला की नॉइजही वाढतो, त्यामुळे ग्रेड करायच्या आधी बसवलेली शार्पनिंगची मूल्यं ग्रेडनंतर चुकीची ठरतात. लॉगमध्ये शूट केलं असेल तर हे फारच जाणवतं.

नोडची रांग साधी ठेवा. पहिला नोड नॉइज कमी करण्यासाठी, दुसरा रंग आणि कॉन्ट्रास्टसाठी, तिसरा शार्पनिंगचा, आणि चौथा फक्त तपासणीचा. Alt+S दाबलं की पुढचा नोड जोडला जातो.

नॉइज कमी करण्याची Temporal आणि Spatial साधनं Studio मध्येच मिळतात. ती असतील तर पहिल्या नोडवर Temporal NR मध्ये Frames 2 ठेवा आणि Luma, Chroma चे थ्रेशोल्ड थोडेच वाढवा. भिंत पूर्ण गुळगुळीत करू नका. 8 बिट फुटेजमध्ये थोडा नॉइज उपयोगाचाच असतो, कारण तो नसला की आकाशी भिंतीवर उजेडाकडून काळोखाकडे जाताना रंगाचे पट्टे दिसू लागतात. मोफत आवृत्ती असेल तर हा नोड रिकामा सोडा. पुढचं सगळं त्याच्याविनाही होतं.

चौथा नोड शेवटी काढून टाकायचा आहे. त्यात Contrast 1.000 वरून साधारण 1.600 करा आणि Pivot असा सरकवा की भिंत मधल्या उजेडाच्या आसपास येईल. चित्र भडक दिसेल, पण नेहमीच्या स्क्रीनवर न दिसणारी वळवळ आता समोर येईल. नव्याने शिकणाऱ्यांना मी हा नोड लावायला आवर्जून सांगतो, कारण संपादनाच्या खोलीत बसून जी वळवळ कळत नाही ती घरच्या टीव्हीवर, ब्राइटनेस वाढवलेला असला की, सहज दिसते.

आणखी दोन गोष्टी. व्ह्यूअरचा झूम Fit वर न ठेवता 100% करा, कारण लहान केलेल्या चित्रात नॉइज सरासरीत विरून जातो. आणि Playback मेनूमध्ये Timeline Proxy Resolution हे Full वर आहे ना ते बघा. Half किंवा Quarter वर असेल तर तुम्ही भलत्याच चित्राची तपासणी करत बसाल. शॉटमधला तीन-चार सेकंदांचा तुकडा लूपमध्ये चालवत ठेवा. यापुढचा प्रत्येक निर्णय चालत्या चित्रावर घ्यायचा.

मास्कच्या आधी: फक्त उजेडाचं शार्पनिंग

तिसऱ्या नोडवर राइट क्लिक करा. Color Space मध्ये Lab निवडा. मग पुन्हा राइट क्लिक करून Channels मध्ये Channel 2 आणि Channel 3 बंद करा. आता हा नोड फक्त उजेड-अंधाराच्या माहितीवर काम करेल, रंगांना हात लावणार नाही. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांच्या फुटेजमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी रिझोल्यूशनची असते, त्यामुळे तिला शार्प करून तपशील मिळत नाही, फक्त लाल-हिरवे ठिपके वाढतात. हे दोन क्लिक केल्यावर मुंग्यांचा रंगीत भाग वाढत नाही.

आता Blur पॅलेट उघडा आणि त्यातला Sharpen मोड निवडा. Blur मोडमध्येही Radius 0.50 च्या खाली नेलं की चित्र शार्प होतं, पण Sharpen मोड निवडायचं कारण वेगळं आहे: Level आणि Coring Softness हे दोन पर्याय इथेच चालतात, आणि सपाट भाग वाचवण्याचं निम्मं काम तेच करतात.

Level म्हणजे उंबरठा. त्यापेक्षा लहान फरक असलेल्या तपशिलाला शार्पनिंग लागत नाही. नॉइजचे ठिपके बहुधा आजूबाजूपेक्षा थोडेच उजळ किंवा काळे असतात. पापणी आणि त्वचा यांतला फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून उंबरठा नीट बसवला की पापणी शार्प होते आणि गालावरचा नॉइज तसाच राहतो. Coring Softness या उंबरठ्याच्या आसपासचा बदल हळुवार करतं. ते शून्य ठेवलं तर एकच ठिपका एका फ्रेममध्ये उंबरठ्याच्या वर आणि पुढच्या फ्रेममध्ये खाली जातो, आणि तो चमकल्यासारखा दिसतो.

मूल्यं बसवायची रीत अशी. Radius आधी मुद्दाम जास्त खाली न्या, साधारण 0.35. चित्र कुरूप होईल, तेच हवंय. भिंतीवर, कपाळावर सगळीकडे मुंग्या दिसतील. आता शॉट चालू असताना Level हळूहळू वाढवा आणि नजर भिंतीवर नाही, माणसाच्या गालावर ठेवा. भिंत पुढे मास्कने वगळली जाणारच आहे, गाल मात्र मास्कच्या आत राहणार आहे. गालावरची वळवळ मंदावली की थांबा. Coring Softness थोडं वाढवा आणि भुवयांकडे बघा. भुवया पुन्हा मऊ पडू लागल्या असतील तर Level जरा मागे घ्या. ही मूल्यं शॉटप्रमाणे बदलतात, त्यामुळे एका शॉटचा आकडा दुसऱ्यावर डोळे झाकून चिकटवू नका.

हे झालं की Radius परत 0.46 ते 0.48 च्या दरम्यान आणा. अंतिम आकडा मास्क लागल्यावर ठरेल.

मास्कची रेषा कुठे काढायची

सर्वांत जास्त शॉट इथे बिघडतात. माणसाभोवती बाहेरून मोठा गोल काढायचा आणि कड मऊ करायची, अशी सवय असते. रंग किंवा उजेड बदलताना ते चालतं. शार्पनिंगमध्ये त्या गोलाच्या आत माणसाभोवतीची बोटभर भिंतही येते. तेवढ्याच पट्ट्यात मुंग्या चालतात आणि त्याबाहेर भिंत शांत असते. सगळी भिंत वळवळण्यापेक्षा हे जास्त खटकतं, कारण डोळा दोन्हींची तुलना करतो. चालत्या चित्रात डोक्याभोवती जिवंत वलय असल्यासारखं दिसतं.

म्हणून दोन नियम पाळा. पहिला, मास्कची रेषा सपाट भागावर नको. ती माणसाच्या आत, केसांत, दाढीत, कापडाच्या पोतात, म्हणजे जिथे तपशील आहे तिथे संपली पाहिजे. दुसरा, मऊपणा आतल्या बाजूला द्या, बाहेरच्या नाही.

यासाठी Window पॅलेटमधली Curve विंडो घ्या, म्हणजे पेनने बिंदू टाकून काढता येणारी. तिला Inside आणि Outside असे मऊपणाचे दोन वेगळे पर्याय असतात. Outside जवळजवळ शून्य ठेवा आणि Inside वाढवा. आता शार्पनिंग रेषेवर शून्यातून सुरू होऊन आत जात वाढतं आणि भिंतीवर काहीच सांडत नाही. Circle विंडोला मऊपणाचा एकच पर्याय असतो आणि तो दोन्ही बाजूंना पसरतो, त्यामुळे ती वापरायची तर चेहऱ्याच्या कडेपासून बरीच आत बसवावी लागते.

आपल्या शॉटमध्ये पहिली विंडो चेहऱ्यावर. ती कपाळाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत काढा, दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या कोपऱ्यांच्या थोडी बाहेर. भुवया, डोळे, नाक, मिशा आत आल्या. कानांच्या बाजूचा गाल, मान आणि डोक्याची बाह्यरेषा मुद्दाम बाहेर ठेवली. डोक्याची बाह्यरेषा शार्प नसली तरी प्रेक्षकाला चुकल्यासारखं वाटत नाही. चेहऱ्याकडे बघणारा माणूस आधी डोळ्यांत बघतो, आणि डोळे शार्प असले की सगळा चेहरा शार्प वाटतो. शिवाय खांदा आणि भिंत जिथे भेटतात त्या रेषेला शार्पनिंग लागलं की तिथे पांढरी कड उमटते, तीही आपोआप टळते.

दुसरी विंडो मागावरच्या हातांना आणि काठाला. ही त्याच नोडमध्ये जोडता येते, पण माझ्या मते वेगळा नोड करणं चांगलं, कारण जरीला चेहऱ्याइतकं शार्पनिंग सोसत नाही. जरीच्या रेघा इतक्या बारीक आणि चमकदार असतात की एकेक रेघ पिक्सेलच्या आकाराजवळ येते. कापड किंचित हललं की अशा रेघा या पिक्सेलमधून त्या पिक्सेलमध्ये उड्या मारतात, आणि शार्पनिंगमुळे ती लुकलुक वाढते. मुंग्यांसारखीच दिसली तरी हा नॉइज नाही, त्यामुळे Level वाढवून ती जात नाही. इथे Radius 0.49 च्या आसपास, अगदी नाममात्र ठेवा, किंवा विंडो बोटांवर आणि धोट्यावर आवळून काठाचा दाट जरीचा भाग बाहेर सोडा.

काळोख वगळण्यासाठी क्वालिफायर

विणकरांच्या चेहऱ्याची उजवी बाजू खिडकीपासून दूर, सावलीत आहे. तिथे नॉइज जास्त आणि तपशील कमी. विंडो तशीच ठेवून त्याच नोडवर Qualifier उघडा, HSL मध्ये Hue आणि Sat बंद करा, फक्त Lum चालू ठेवा. Low वाढवून गडद भाग बाहेर काढा आणि Low Soft भरपूर द्या. विंडो आणि क्वालिफायर एकाच नोडवर असले की दोन्हींत येणाऱ्या भागालाच शार्पनिंग लागतं. Shift+H दाबून निवडलेला भाग बघा.

इथे एक मोठा धोका आहे. क्वालिफायर पिक्सेलच्या उजेडावरून निवड करतो, आणि पिक्सेलचा उजेड नॉइजमुळे प्रत्येक फ्रेमला बदलतो. म्हणजे मास्कच वळवळू लागतो. मास्क चालू-बंद होणाऱ्या ठिपक्यांनी भरलेला असेल तर तुम्ही मुंग्या काढायला जाऊन नव्या मुंग्या आणल्या. Shift+H चालू ठेवून शॉट प्ले करा. कड तडतडत असेल तर Matte Finesse मधलं Blur Radius वाढवा, इतकं की निवड डाग-डाग न दिसता ढगासारखी दिसेल. शार्पनिंगच्या मास्कला अचूक कड लागत नाही. सावलीकडे जाताना शार्पनिंग हळूहळू विरलं की पुरे.

त्वचेचा रंग निवडून मास्क बनवण्याचा मोह टाळा. रंगाची माहिती मुळातच कमी रिझोल्यूशनची असल्यामुळे असा मास्क चौकटी-चौकटींचा निघतो.

मास्क माणसाबरोबर हलला पाहिजे

विणकर बोलताना मान हलवतात, मधूनच मागाकडे बघतात. विंडो निवडून Tracker पॅलेटवर या. Pan, Tilt, Zoom आणि Rotate चालू ठेवा, 3D बंद ठेवा. चेहरा थोडा वळला की 3D विंडोला वेडीवाकडी ताणतं, आणि मऊ कडेच्या मास्कला तेवढ्या अचूकतेची गरजही नसते. चेहरा स्वच्छ दिसणाऱ्या फ्रेमवर उभे राहा आणि पुढे-मागे दोन्हीकडे ट्रॅक करा.

ट्रॅक झाल्यावर विंडोची बाह्यरेषा दिसत असतानाच शॉट चालवून बघा. विंडो थरथरत असेल तर तिची कडही थरथरते. Inside मऊपणा वाढवला की ते दिसेनासं होतं. विणकरांनी घाम पुसायला हात चेहऱ्यासमोर आणला आणि ट्रॅक हाताबरोबर वाहत गेला, तर Tracker च्या आलेखात तेवढा बिघडलेला भाग निवडून त्याचा ट्रॅक पुसा, मग Clip ऐवजी Frame निवडा, हात यायच्या आधीच्या आणि गेल्यानंतरच्या फ्रेमवर विंडो हाताने जागेवर बसवा. त्या दोन फ्रेममधली जागा रिझॉल्व्ह स्वतः भरून काढतं.

Studio असेल तर Magic Mask माणूस स्वतः शोधून देतं. वेळ वाचतो, पण ते निवड बाह्यरेषेपर्यंत करतं, म्हणजे भिंतीला टेकवून. मग तो मास्क आत आकसून घ्यावा लागतो आणि कड मऊ करावी लागते. शार्पनिंगपुरतं बघायचं तर हाताने काढलेली चेहऱ्याची लहान विंडो मला जास्त भरवशाची वाटते.

किती पुरे, हे कसं ठरवायचं

आता Radius कडे परत या. चेहऱ्याच्या नोडवर 0.47 ठेवून सुरुवात करा. Ctrl+D ने नोड बंद-चालू करत शॉट चालवा. नोड बंद केल्यावर शॉट मऊ वाटला आणि चालू केल्यावर शार्पनिंग केलंय असं लक्षात आलं नाही, तर प्रमाण बरोबर आहे. चालू केल्याबरोबर मिशीचे केस तारांसारखे दिसले किंवा डोळ्यांखालच्या सुरकुत्या खोल झाल्या तर जास्त झालं. वय झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर याकडे नीट लक्ष द्या. शार्पनिंगने त्यांना आणखी म्हातारं दाखवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

प्रमाण थोडंसंच कमी करायचं असेल तर Radius आणि Level ला पुन्हा हात न लावता Key पॅलेटमध्ये Key Output चा Gain 1.000 वरून 0.700 करा. नोडचा सगळा परिणाम त्या प्रमाणात उतरतो, बाकीची मांडणी जशीच्या तशी राहते. क्लायंट शेजारी बसून थोडं कमी, थोडं जास्त म्हणत असेल तेव्हा हेच बटण हाताशी ठेवा.

प्रीमियरमध्ये हेच

प्रीमियर प्रो वापरणाऱ्यांनी Lumetri मधला Sharpen स्लायडर सोडून Unsharp Mask हा इफेक्ट घ्यावा, कारण त्यात Threshold आहे, आणि तो रिझॉल्व्हच्या Level चंच काम करतो. इफेक्टच्या नावाखालचं पेन वापरून Effect Controls मध्ये मास्क काढा आणि ट्रॅक करा. इथे आतल्या-बाहेरच्या मऊपणाचे वेगळे पर्याय नाहीत, Mask Feather दोन्ही बाजूंना पसरतो. त्यामुळे Mask Expansion उणे करून मास्क आत ओढा, म्हणजे फेदर पसरूनही भिंतीपर्यंत पोचणार नाही.

अजूनही वळवळतंय? कारण शोधा

आधी शार्पनिंगचा नोड बंद करून बघा. तरीही भिंत तशीच वळवळत असेल तर दोष शार्पनिंगचा नाही. नॉइज फुटेजमध्येच आहे किंवा ग्रेडमध्ये सावल्या फार वर ओढल्यात. सावल्या थोड्या खाली आणल्या तर बऱ्याचदा इतर काही करावंच लागत नाही.

वळवळ फक्त माणसाच्या कडेलगत असेल तर मास्क बाहेर सांडतोय: Outside कमी करा, रेषा आत घ्या. ती कपाळावर किंवा गालावर असेल तर Level कमी पडतंय. मास्कच्या आत असून ठिपके लुकलुकत असतील तर Coring Softness किंवा क्वालिफायरचं Blur Radius बघा. रंगीत ठिपके वाढले असतील तर Channel 2 आणि 3 बंद करायचे राहिलेत. आणि भिंत अख्खी एका तालात उजळ-काळी होत असेल तर तो नॉइज नव्हे, ट्यूबलाइटचा फ्लिकर आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की तो शूटिंगमध्येच टळतो.

तपासणीचा चौथा नोड काढून मगच एक्सपोर्ट करा, आणि आधी पूर्ण व्हिडिओ नको, त्याच शॉटचा दहा सेकंदांचा तुकडा काढा. यूट्यूब 1080p च्या 24 ते 30 फ्रेमच्या व्हिडिओसाठी 8 एमबीपीएस बिटरेट सुचवतं, पण यूट्यूब तुमची फाइल पुन्हा कॉम्प्रेस करतंच, म्हणून तिला चांगला माल द्या. Deliver पेजवर Restrict to मध्ये 20000 Kb/s टाका. तुकडा अनलिस्टेड अपलोड करून मोबाइलवर आणि शक्य झालं तर टीव्हीवर 1080p मध्येच बघा. एक्सपोर्ट केलेली फाइल कॉम्प्युटरवर शांत आहे पण यूट्यूबवर भिंतीवर चौकोन हलताना दिसतात, असं झालं तर काळोख्या भिंतीत अजून इतका नॉइज आहे की कॉम्प्रेशनला तो पेलत नाही. मग शार्पनिंगचं प्रमाण आणखी कमी करून फरक पडत नाही, कारण भिंतीवर शार्पनिंग नाहीच. त्याऐवजी शार्पनिंगच्या नोडवरून Alt+O ने बाहेरच्या भागाचा नोड काढा. मास्क उलटा होऊन भिंत निवडली जाईल. दोन शार्पनिंग नोड असतील तर दुसऱ्या विंडोचा भागही त्यातून वगळा. मग Blur मोडमध्ये Radius 0.51 ते 0.52 करा. खांद्याची आणि केसांची बाह्यरेषाही या भागात येते, त्यामुळे त्यापुढे गेलात तर माणूस कातरून चिकटवल्यासारखा दिसेल.